पीठ विकतोय, औषध नाही: जाहिरात खात्यावर निर्बंध आले त्यानंतरचा अनुभव

हा रिव्ह्यू दिवाळीच्या तोंडावरच लिहायला घेतला होता, पण तेव्हा पूर्ण केला असता तर त्यात शिव्यांशिवाय काही नसतं. आता राग उतरलाय, खातं परत सुरू आहे, म्हणून सविस्तर लिहितोय. प्लॅटफॉर्मचं नाव घेत नाही. जाहिरात कशी लावायची, बजेट कसं ठरवायचं हे सगळ्यांना माहीत असतंच, त्यामुळे त्यात शिरत नाही. रिव्ह्यू आहे तो जाहिरात नाकारली गेल्यावर काय होतं त्याचा.

वहिनीचा पार्ल्यात पिठांचा घरगुती व्यवसाय आहे. भाजण्या, थालीपीठाचं पीठ, आणि नाचणी-ज्वारी-सातूत थोडी मेथी घातलेलं एक पीठ, जे बरेच मधुमेही लोक नेतात. रोजचे तीनशे रुपये खर्चून पार्ल्यापासून दादरपर्यंतच्या लोकांना जाहिरात दाखवायची, एवढाच आमचा आवाका. पहिले काही महिने खरोखर छान गेले. पत्रकं वाटून जेवढे फोन यायचे त्यापेक्षा जास्त यायला लागले. तेव्हा विचारलं असतंत तर डोळे मिटून पाच तारे दिले असते.

मग भाच्याने नाचणीच्या पिठासाठी नवी जाहिरात केली. मजकूर असा होता: 'तुमची शुगर वाढलीय? गोळ्यांना कंटाळलात? आजच मागवा आमचं मधुमेह पीठ.' ती नाकारली गेली. कारण म्हणून फक्त धोरणाचं नाव आलं, वैयक्तिक बाबींविषयीचं, आणि खाली एक ठरावीक परिच्छेद. माझी सगळ्यात मोठी तक्रार हीच आहे आणि ती मी या रिव्ह्यूत पुन्हा पुन्हा करणार आहे: कोणती ओळ चुकली ते हे लोक सांगत नाहीत. सोसायटीच्या फळ्यावर 'काही सभासद नियम मोडत आहेत' अशी नोटीस लागावी आणि सगळ्या मजल्यांनी एकमेकांकडे बघत बसावं, तसा प्रकार. चित्र चुकलं, मजकूर चुकला, की लिंक उघडल्यावर दिसणारं पान चुकलं, तुम्हीच ओळखा.

भाच्याला वाटलं 'शुगर' शब्द खटकला असेल. त्याने 'शु-गर' लिहिलं. नाकारलं. मग 'तुमची' काढलं. नाकारलं. मग फोटो बदलून तीच जाहिरात पुन्हा टाकली. शेवटी खात्यावरच निर्बंध आले, आणि त्यासोबत भाजणीची निरुपद्रवी जाहिरातही बंद पडली. त्यावर कळस म्हणजे त्याने त्याच कार्डावर, त्याच वेबसाइटसाठी दुसरं खातं उघडलं. ते तर जवळजवळ लगेच बंद झालं, आणि त्याच्या स्वतःच्या प्रोफाइलवरून जाहिरात देण्याचा हक्कही गेला.

इथे मी मध्ये पडलो. या कामात थोडाफार असल्याने दोन गोष्टी ठाऊक होत्या. एक, शब्दात डॅश घालणं किंवा स्पेलिंग फिरवणं याकडे यंत्रणा चूक म्हणून बघत नाही, लपवाछपवी म्हणून बघते. दोन, निर्बंध आल्यावर नवं खातं उघडणं हा मूळ दोषापेक्षा मोठा दोष धरला जातो. कार्ड, वेबसाइट, फोन यांवरून खाती एकमेकांना जोडता येतात. गूगल ॲड्सच्या धोरणात तर हे उघड लिहिलंय: बंद झालेल्या खात्याला वळसा घालायला दुसरं खातं काढणं हा गंभीर भंग, आणि त्यावर आधी इशारा न देताही खातं बंद होऊ शकतं.

आता मूळ जाहिरातीचं दुखणं. 'मधुमेह' हा शब्द वापरायला बंदी नाही. बंदी आहे ती वाचणाऱ्याकडे बोट दाखवून 'तुला हा आजार आहे' असं म्हणायला किंवा सुचवायला. म्हणून 'तुमची' काढून काही उपयोग झाला नाही. 'शुगर वाढलीय?' हा प्रश्न तरीही वाचणाऱ्यालाच विचारलेला आहे. हाच नियम कर्ज, वय, धर्म, वजन यांनाही लागू पडतो. 'कर्जात बुडालात?' चालत नाही, 'कर्ज सल्ला केंद्र, दादर पश्चिम' चालतं. नवी जाहिरात आम्ही अशी लिहिली: 'नाचणी, ज्वारी, सातू आणि मेथीचं ताजं दळलेलं पीठ. पार्ले ते दादर घरपोच.' कोणाला शुगर आहे हे ज्याचं त्याला माहीत असतंच, आपण सांगायची गरज नसते.

तरी तेवढ्याने भागणार नव्हतं, कारण तपासणी फक्त जाहिरातीची होत नाही. लिंक दाबल्यावर जे पान उघडतं तेही बघितलं जातं. मी वहिनीच्या वेबसाइटचं पान मोबाइलवर उघडून खालपर्यंत सरकवलं. तळाशी, पत्त्याच्या वर, एका ग्राहकाचा अभिप्राय होता: 'तीन महिन्यांत गोळ्या बंद झाल्या.' शेजारी साखरेच्या रिपोर्टचे आधीचा-नंतरचा असे दोन फोटो. वहिनी म्हणाली, "अहो, पण ते त्यांनी स्वतःहून लिहून दिलंय, खोटं नाही ते."

इथे माझं मत अर्धं बदललं. तोपर्यंत मला वाटत होतं की परदेशी कंपनी उगाच सोवळं पाळतेय. पण अन्नपदार्थाने आजार बरा होतो असा दावा आपल्याकडेच चालत नाही. एफएसएसएआयचे जाहिराती आणि दाव्यांविषयीचे 2018 चे नियम आहेत, त्यात हे येतं, आणि वहिनीच्या पाकिटावर तर त्यांचाच नोंदणी क्रमांक छापलेला. पिठाऐवजी चूर्ण किंवा काढा असता तर 1954 चा औषधे व जादुई उपाय कायदा आडवा आला असता. त्याच्या यादीत मधुमेह आहे आणि लठ्ठपणाही. म्हणजे प्लॅटफॉर्मने सोडलं असतं तरी कोणी तक्रार केली असती तर निस्तरावं लागलंच असतं. कोणती ओळ ते सांगितलं नाही हा राग कायम आहे, पण जाहिरात नाकारली हे बरोबर होतं.

आता अपिलाकडे. नाकारलेल्या जाहिरातीसाठी दोन वाटा असतात. मजकूर बदलून पुन्हा पाठवायची, किंवा आहे तशीच ठेवून फेरतपासणी मागायची. दोष खरंच असेल तर पहिली, नसेल तर दुसरी. दोष ठेवून फेरतपासणी मागितली की नकारावर नकार साठत जातात, आणि नाकारलेली जाहिरात डिलीट केली म्हणून इतिहास पुसला जात नाही. खात्यावरच्या निर्बंधाचं प्रकरण वेगळं. तिथे फेरतपासणीची संधी बहुतेक वेळा एकदाच मिळते, म्हणून घाईने बटण दाबायचं नाही. आधी सपोर्टच्या पानावर जाऊन नक्की कशावर निर्बंध आहेत ते बघायचं: एका जाहिरातीवर, जाहिरात खात्यावर, पेजवर की माणसावर. आमच्याकडे वहिनीची प्रोफाइल आणि पेज स्वच्छ होतं. हे कळलं तेव्हा जीव भांड्यात पडला, कारण अपील वहिनीच्या प्रोफाइलवरून करता येणार होतं.

अपील करायच्या आधी वेबसाइट साफ केली, अभिप्राय आणि फोटो काढले, पिठाचं नाव 'मधुमेह पीठ' होतं ते 'नाचणी-सातू पीठ' केलं, भाच्याला खात्याच्या ॲडमिनवरून काढलं, टू-फॅक्टर लावलं. मग खोक्यात लिहिलं ते इंग्रजीत, पण मतितार्थ असा:

'हे घरगुती पिठांच्या व्यवसायाचं खातं आहे. आमच्या जाहिरातीत वाचकाच्या आजाराविषयी प्रश्न होता आणि वेबसाइटवर आजार बरा झाल्याचा अभिप्राय होता. दोन्ही काढले आहेत. त्यानंतर उघडलेलं दुसरं खातं आम्ही वापरणार नाही. कृपया हे खातं पुन्हा तपासा.'

बस एवढंच. दिवाळी आहे, पोटावर पाय येतोय, स्पर्धक काय काय लिहितात ते बघा, यातलं काही नाही. स्पर्धकांचे स्क्रीनशॉट जोडायचा मोह मला फार झाला होता, पण वाचणाऱ्यासमोर आपलंच खातं उघडं असतं, दुसऱ्याच्या जाहिरातीने आपली बरोबर ठरत नाही.

मग ओळखपत्र मागितलं, आणि तिथे अडलं. वहिनीची प्रोफाइल माहेरच्या लाडक्या नावाने, कार्डावर सासरचं पूर्ण नाव. प्रोफाइलवरचं नाव कार्डाप्रमाणे केलं. पहिला फोटो परत आला, कारण लॅमिनेशनवर ट्यूबलाइटची पट्टी चमकत होती आणि जन्मतारीख त्याखाली गेली होती. दुसरा दुपारी खिडकीशी, फ्लॅश बंद करून, चारही कोपरे दिसतील असा काढला, तो चालला.

या काळात वहिनीच्या पेजवर मेसेज यायला लागले: 'तुमचं पेज 24 तासांत कायमचं बंद होईल, अपिलासाठी इथे क्लिक करा.' चित्र कंपनीच्या चिन्हाचं, नावात 'सपोर्ट टीम'. पासवर्ड चोरायचे धंदे आहेत हे. खरी नोटीस असेल तर ती खात्यात आत जाऊन सपोर्टच्या पानावरही दिसते, तिथे नसेल तर नाहीच. 'पैसे द्या, खातं उघडून देतो' म्हणणारा एक जण अंधेरीच्या व्यापारी ग्रुपवरही भेटला. त्याला आधी ॲडमिनचा हक्क हवा होता. अशांत कोणाचे पैसे गेले असतील तर सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनवर लगेच फोन करा.

खातं परत मिळालं, पण भाऊबीज होऊन गेल्यावर. भाच्याचं खातं अजून बंदच आहे आणि त्यावर आम्ही काही करत नाही. वहिनीच्या खात्यात अडकलेली आगाऊ भरलेली रक्कम मात्र त्या खात्यासोबत सुटली. तोपर्यंत ती कोणाच्या बापाची, हे विचारायला माणूस नव्हता, फक्त चॅट. म्हणून आता एका वेळी हजारावर भरत नाही. त्या हजारातच 18 टक्के दराचा जीएसटी धरलेला असतो, तो वजा जाऊन खर्चायला 847 च्या आसपास उरतात, तेवढे अडकले तरी झोप उडत नाही.

आणखी एक बदल: नवी जाहिरात आधी एकटीच टाकतो, मंजूर झाली की मगच तिच्यासारख्या आणखी काढतो. मंजूर जाहिरातीचा मजकूर बदलला की ती पुन्हा तपासणीला जाते, म्हणून सणाच्या आठवड्यात चालू जाहिरातीला हात लावत नाही. काही बदलायचं झालंच तर महिनाभर आधी.

तारे पाचपैकी अडीच. ऑर्डरी येतात म्हणून तीन दिले असते, पण कोणती ओळ चुकली ते सांगत नाहीत म्हणून अर्धा कापला. वहिनी म्हणते मी फार कंजूष आहे, तिने चार दिले असते, कारण संक्रांतीच्या गुळपोळीच्या पिठाला आत्ताच विचारणा सुरू झालीय.