लाइव्हचं बोलणं: पूर्ण लिहून की चिठ्ठीवर?

इंदूरला आमच्या वहिनी घरूनच माहेश्वरी साड्या विकतात, तेही लाइव्हवर. पहिल्यांदा त्यांनी सगळं बोलणं वहीत शब्दशः उतरवलं. सुरुवात झकास झाली, पण तिसऱ्या साडीला कुणीतरी विचारलं, "ताई, ब्लाउजपीस आहे का?" उत्तर देताना ओळ हरवली आणि पुढच्या साडीला मागच्याच साडीचा भाव सांगितला गेला!

नंतर नुसत्या चिठ्ठ्या केल्या. साड्या छान पार पडल्या, सुरुवात मात्र फसली. "आवाज येतोय का? थोडं थांबूया, लोक येऊ देत," यातच तीन-चार मिनिटं गेली. आलेली माणसं काय थांबणार?

माझ्या मते सुरुवात लिहूनच काढावी, चार वाक्यांत: "नमस्कार, इंदूरहून बोलतेय. आज बारा माहेश्वरी, प्रत्येक रंगाची एकच. हवी असेल तर साडीचा नंबर लिहा. जो आधी लिहील त्याला साडी." लोक मधूनच येत राहतात, म्हणून दर तीन साड्यांनंतर हेच पुन्हा म्हणायचं.

साड्यांना मात्र चिठ्ठीच बरी. वहिनींची एक अशी:

"नं. ४, रेशीम-सुती, काठ दोन्ही बाजूंनी नेसता येतो, ब्लाउजपीस आहे, पदराजवळ एक धागा ओढलेला, १,८५०."

काठ बोलून कळत नाही, उलटून कॅमेऱ्यासमोर धरावा लागतो. धागा आपणच दाखवायचा, भावाच्या आधी. नाहीतर पार्सल परत येतं आणि जाण्यायेण्याचा खर्च आपल्याच अंगावर पडतो.