दोन तास खेळलं की पीसी बंद: नऊ महिन्यांच्या वापरानंतर

गेल्या दसऱ्याला पीसी जुळवून घेतला, त्याला आता नऊ महिने झाले. पहिले पाच महिने एकही तक्रार नव्हती. त्या काळात लिहिलं असतं तर पाचपैकी पाच दिले असते. पण मार्चच्या शेवटी जे सुरू झालं ते निस्तरायला मला मेचा मध्य उजाडला, म्हणून लिहितोय ते मुख्यतः त्याबद्दलच.

आधी परिस्थिती सांगतो. आम्ही पुण्यात धायरीला राहतो, शेवटच्या मजल्यावर. वर थेट गच्चीचा स्लॅब, त्यामुळे एप्रिलमध्ये रात्री दहालाही खोलीत 33 अंश असतात. आजूबाजूला दोन इमारतींचं बांधकाम चालू आहे आणि खिडकी उघडी ठेवल्याशिवाय गत्यंतर नाही. कॅबिनेट समोरून पूर्ण काचेचं. हवा आत यायला काचेच्या दोन्ही कडांना बोटभर फट, तिच्या मागे जाळीचा फिल्टर आणि त्यामागे दोन पंखे. मागे बाहेर फेकणारा एक. ग्राफिक्स कार्ड खेळताना साधारण 200 वॅट खातं, म्हणजे तेवढी उष्णता डब्यात सोडतं.

मार्चअखेरीस एका शनिवारी रात्री खेळता खेळता स्क्रीन काळी झाली आणि पंखे थांबले. निळी स्क्रीन नाही, एरर नाही, नुसता खट् आवाज. आई म्हणाली, "लाईट गेली असेल, आपल्याकडे काय नवीन आहे?" पण तो आमच्याकडचा वीज जाण्याचा गुरुवार नव्हता आणि ट्यूबलाईट तर चालू होती. पुढच्या आठवड्यात तीनदा तेच झालं आणि प्रत्येक वेळी दीड ते पावणेदोन तासांनी. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये दर वेळी एकच नोंद, Kernel-Power 41. या नोंदीने बरेच जण घाबरतात, पण विंडोज नीट बंद न होता पीसी पुन्हा सुरू झाला, एवढंच ती सांगते. तो का बंद पडला ते तिला माहीत नसतं.

HWiNFO64 या सॉफ्टवेअरमध्ये तापमानाची नोंद ठेवणं सुरू करून पुन्हा खेळलो. पीसी बंद पडला तेव्हा फाइलच्या शेवटच्या ओळीत प्रोसेसर 74 अंश, ग्राफिक्स कार्ड 82. दोन्ही गरम आहेत, पण बंद पडण्याइतके नाहीत. प्रोसेसर आणि कार्ड जास्त तापले तर आधी स्वतःचा वेग कमी करतात, गेम अडखळायला लागतो आणि मगच गोष्ट हाताबाहेर जाते. माझा गेम शेवटच्या सेकंदापर्यंत मस्त पळत होता. मग बंद पाडतंय कोण?

इथे आमच्या खालच्या मजल्यावरचे काका कामाला आले. त्यांनी आयुष्यभर टीव्ही दुरुस्त केलेत. त्यांनी एकच विचारलं, "अरे, बंद पडल्यावर लगेच चालू होतो का?" नव्हता होत. बटण दाबलं तरी दहा-बारा मिनिटं पंख्याचं पातंही हलायचं नाही, मग आपोआप सुरळीत. काका म्हणाले, "मग तुझा पॉवर सप्लाय तापतोय. आतलं संरक्षण लागतंय. थंड झाला की सुटतो."

चांगल्या पॉवर सप्लायमध्ये असं संरक्षण असतंच: आतलं तापमान ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेलं की तो पुरवठा तोडतो. त्याचं तापमान मला कुठल्याच सॉफ्टवेअरमध्ये दिसत नव्हतं, म्हणून नोंदी बघून मी चुकीच्या दिशेला जात होतो. बाजूचा पत्रा काढून पाहिलं तर जुळवणाऱ्याने पॉवर सप्लाय पंखा वर करून बसवलेला. म्हणजे तो बाहेरची थंड हवा घेत नव्हता, ग्राफिक्स कार्डाच्या खालची तापलेली हवा ओढत होता. माझ्या पॉवर सप्लायची पूर्ण क्षमता 40 अंशांच्या हवेत धरलेली आहे. ती हवा खरंच किती तापते हे बघायला मत्स्यालयाच्या दुकानातून तारेचा छोटा डिजिटल तापमापक आणला आणि त्याचं टोक पॉवर सप्लायच्या पंख्यावर चिकटवलं. सुरुवातीला 35. एक तास चाळीस मिनिटांनी 53, आणि खट्.

आता प्रश्न होता की डब्यातली हवा इतकी तापतेच का. इथून पुढे मी एका वेळी एकच बदल केला आणि दर बदलानंतर तोच गेम तेवढाच वेळ खेळलो. सगळं एकदम केलं असतं तर कशाने फरक पडला ते कळलंच नसतं.

पहिली तपासणी उदबत्तीची. पीसी चालू, खोलीतला पंखा बंद, आणि पेटती उदबत्ती समोरच्या फटीपासून चार बोटांवर धरली. धूर आत वळायला हवा होता, पण तो सरळ वर गेला. मग मागे कार्डाच्या शेजारच्या रिकाम्या पट्ट्यांच्या फटींजवळ नेली, तर धूर झपकन आत. पुढून येणारी हवा अडली होती, म्हणून मागचा पंखा दिसेल त्या भोकातून हवा ओढत होता, आणि तीही त्याने स्वतःच नुकती बाहेर टाकलेली गरम हवा. त्या पट्ट्यांच्या कडांना धुळीच्या काळ्या रेघा उमटलेल्या होत्या, त्यांचा अर्थ तेव्हा कळला. फिल्टर नसलेल्या फटीतून हवा आत येते तिथे अशा रेघा दिसतात.

समोरची काच खालून ओढली की सुटते, हे मला दुकानात कुणी सांगितलं नव्हतं. तिच्यामागचा फिल्टर काढला आणि ट्यूबलाईटसमोर धरला. उजेड आरपार येत नव्हता. बांधकामाची राखाडी भुकटी, तिला चिकटलेला सुताचा तंतू, आणि स्वयंपाकघर शेजारीच असल्याने फोडणीचा तेलकट ओलावा, या सगळ्याची मिळून घोंगडी झाली होती. बोटाने कोपरा उचलला तर अख्खा थर एका तुकड्यात सोलून आला. नुसत्या ब्रशने तेलकट भाग निघत नाही. कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब टाकून धुतला आणि रात्रभर सावलीत वाळवला. ओला फिल्टर परत लावायचा नाही.

प्रोसेसरच्या कूलरचा पंखा काढला तर त्याच्यामागे पात्यांवर तसाच पातळ नमदा. पंखा न काढता वरून हवा मारली असती तर तो आणखी आत रुतला असता. तापकीर गल्लीतून आणलेला हाताचा ब्लोअर वापरला, पण प्रत्येक पंख्याचं पातं बोटाने धरून. हवेच्या झोताने पंखा भलत्या वेगाने फिरला तर त्याचं बेअरिंग खराब होऊ शकतं आणि उलट वीज बोर्डाकडे जाऊ शकते. हे सगळं गच्चीत केलं, खोलीत केलं असतं तर तीच धूळ संध्याकाळपर्यंत परत आत गेली असती.

नुसत्या सफाईने तापमापक 53 वरून 46 वर आला. धूर फटीतून आत वळायला लागला. पण पीसी पावणेतीन तासांनी एकदा पुन्हा बंद पडला.

मग पंख्यांची सेटिंग पाहिली. बायोसमध्ये डब्याचे तिन्ही पंखे प्रोसेसरच्या तापमानावर बांधलेले, "सायलेंट" वक्रावर: 70 अंशांपर्यंत 35 टक्के वेग. घरोघरी हेच असणार, म्हणून इथे जरा थांबतो. गेम खेळताना खरी भट्टी असते ग्राफिक्स कार्ड. प्रोसेसर बराच वेळ 66 ते 72 मध्ये रेंगाळतो. पंखे त्याच्याकडे बघून निवांत फिरत राहतात आणि शेजारी 200 वॅट साचत जातात. प्रोसेसर 74 ला जातो तो साचलेली हवा त्याच्यापर्यंत पोचल्यावर, म्हणजे फार उशिरा. दहा मिनिटांच्या चाचणीत हे कधीच दिसत नाही, कारण पत्रा, काच आणि आतली हवा तापायला वेळ लागतो. म्हणूनच माझी गडबड बरोबर दीड तासानंतरची होती.

माझ्या बायोसमध्ये ग्राफिक्स कार्डाचं तापमान निवडता येत नाही. त्यामुळे FanControl हे मोफत सॉफ्टवेअर घेतलं. त्यात दोन वक्र केले, एक प्रोसेसरचा आणि एक कार्डाचा, आणि Mix मध्ये Max निवडलं, म्हणजे जो वक्र जास्त वेग मागेल त्याचं ऐकायचं. कार्डाचा वक्र 50 अंशांपर्यंत 45 टक्के, 65 ला 65 टक्के, 78 ला 90 टक्के. तापमान दोन-तीन अंश वरखाली झालं की पंखे सारखे चढ-उतार करून डोकं उठवतात, म्हणून Hysteresis चार अंश ठेवला. सॉफ्टवेअर विंडोज सुरू झाल्यावरच कामाला लागतं आणि कधी बंदही पडू शकतं, तेव्हा बायोसमध्येही किमान वेग 50 टक्के करून ठेवलाय.

यानंतर तापमापक 41, कार्ड 73, प्रोसेसर 66. आवाज वाढला हे खरं. हेडफोन लावला की जाणवत नाही, पण भाऊ शेजारी झोपलेला असेल तर तो तक्रार करतो.

शेवटचा बदल पॉवर सप्लाय उलटा करण्याचा. मुख्य वायर काढून, दहा मिनिटं थांबून, मागचे चार स्क्रू सोडवले आणि पंखा खाली केला. कॅबिनेटच्या तळाला त्यासाठी जाळी आहे आणि तिलाही छोटा फिल्टर. पॉवर सप्लायचा डबा मात्र उघडू नका, आतल्या कपॅसिटरमध्ये वायर काढल्यावरही वीज शिल्लक असते. आधी कॅबिनेट सतरंजीवर होतं, पाय तिच्यात रुतून तळाची जाळी जवळजवळ झाकली जायची. पंखा खाली करून सतरंजी तशीच ठेवली असती तर आगीतून फुफाट्यात. आता फरशीवर दोन लाकडी पट्ट्या टाकून दोन इंच उचलून ठेवलंय.

मेच्या मध्यापासून आजपर्यंत एकदाही बंद पडलेला नाही, सलग पाच तास खेळूनही. या सगळ्याला मर्यादा आहे ती खोलीची: पंखे खोलीतलीच हवा आत ढकलतात, तेव्हा 36 अंशांच्या खोलीत डबा 36 च्या खाली जाणार नाही. मेमधल्या दोन-तीन रात्री मी गेमची फ्रेम मर्यादा 60 वर आणली, कार्डाची उष्णता तिथेच कमी होते.

हेच कॅबिनेट पुन्हा घेईन का? नाही. काचेऐवजी समोर पूर्ण जाळी असलेलं घेईन, दिसायला साधं असलं तरी. पीसीच्या बाकी भागांवर माझा राग नाही, ते उत्तम चाललेत. पावसाळ्यात धूळ कमी असेल असं वाटलं होतं, पण ओलसर हवेत ती जास्त चिकटते. काल फिल्टर काढला तर तीन आठवड्यांत पुन्हा राखाडी पापुद्रा धरला होता.