नऊ महिने वापरलेला जुना थिंकपॅड आणि त्याच्या आतला न दिसणारा दुसरा संगणक

तारकर्लीजवळ आमचा सहा खोल्यांचा होमस्टे आहे. पाहुण्यांच्या ओळखपत्रांच्या प्रती, बुकिंग आणि हिशेब ठेवायला फेब्रुवारीत पुण्याहून एक जुना थिंकपॅड एक्स२३० आणला. कुठल्यातरी कंपनीने लॉटमध्ये काढलेला, आय५-३३२०एमवाला. लिनक्स टाकलं, मशीन झकास चाललं. हा अनुभव मुख्यतः त्याच्या आतल्या इंटेलच्या मॅनेजमेंट इंजिनाबद्दल, म्हणजे एमईबद्दल आहे.

एमई हा मुख्य प्रोसेसरपासून वेगळा, चिपसेटमध्ये बसलेला छोटा संगणक. त्याचं फर्मवेअर बायोसबरोबर एकाच फ्लॅश मेमरीत असतं. आपली विंडोज किंवा लिनक्स सुरू होण्याआधी तो जागा होतो आणि रॅमपर्यंत त्याचा हात पोचतो. इंटेलचा व्हीप्रो हा ऑफिससाठीचा संच असलेल्या मशीनमध्ये त्याच्यावर एएमटी नावाची सोय चालते. कंपनीच्या आयटीवाल्याने लांबून मशीन चालू-बंद करावं, स्क्रीन बघावा, दुसऱ्याच डिस्कवरून बूट करावं, यासाठी ती केलेली. कंपनीत कामाची गोष्ट आहे. पण कंपनीने मशीन विकताना ती बंद केली नाही, तर ती तशीच आपल्या घरात येते.

माझ्याकडे नेमकं तेच झालं होतं. आधी मी त्याच लॅपटॉपवरून त्याचे पोर्ट तपासले, सगळे बंद दिसले, आणि खूश झालो. ही चूक बरेच जण करतात. मशीनने स्वतःलाच पाठवलेली पाकिटं नेटवर्क कार्डापर्यंत जातच नाहीत, आणि एमई तर तिथेच बसून आपल्या नावाची पाकिटं बाजूला काढतं. म्हणून तपासणी दुसऱ्या संगणकावरूनच करायची. बायकोच्या लॅपटॉपवरून हे चालवलं:

```
nmap -p 16992-16995,623,664 192.168.1.14
```

एएमटीचा १६९९२ पोर्ट उघडा होता. ब्राउझरमध्ये तो पत्ता टाकल्यावर लॉगिनचं पान आलं. मग एक्स२३० शटडाउन केला. चार्जर आणि लॅनची वायर तेवढी लावलेली. पान पुन्हा आलं. चुलतभाऊ बाजूला उभा होता, म्हणाला, "अरे, बंद आसा मां तो?" बंदच होता. लिनक्सची फायरवॉल इथे काही करू शकत नाही, कारण ही पाकिटं लिनक्सला दिसतच नाहीत.

त्यात २०१७ च्या मे महिन्यात जाहीर झालेली CVE-2017-5689 ही त्रुटी आठवली. एएमटीच्या लॉगिनमध्ये पासवर्डच्या जागी रिकामं उत्तर पाठवलं तरी दार उघडत होतं. एमई ८ साठी दुरुस्त आवृत्ती 8.1.71.3608 आहे; माझ्याकडे 8.1.40 होती. आणि त्या वेळी आमचे पाहुणे आणि हा लॅपटॉप एकाच नेटवर्कवर होते. मे महिन्यात स्कूबावाले बारा-पंधरा जण एका वेळी असतात. एखाद्याला खोडी सुचली असती तर सगळी ओळखपत्रं त्याच्या हाती गेली असती.

बंद करायला सुरू होताना Ctrl+P दाबून एमईच्या मेनूत गेलो. कारखान्यातून येणारा पासवर्ड admin असतो. तो घेईना, म्हणजे जुन्या कंपनीने बदललेला. चार्जर आणि मुख्य बॅटरी काढून आतली नाण्याएवढी बॅटरी दहा मिनिटं बाहेर ठेवली, तेव्हा admin चालला. माझ्या मशीनवर हे जमलं, प्रत्येक मॉडेलवर जमेलच असं नाही. नवा पासवर्ड ठेवला, जुनी जोडणी पुसली, बायोसमध्ये एएमटी बंद केलं आणि परत बायकोच्या लॅपटॉपवरून स्कॅन घेतला. बंद. चार्जर लावून, मशीन बंद ठेवूनही बंद. त्याच संध्याकाळी राउटरवर पाहुण्यांचं वाय-फाय वेगळं केलं. खरं तर माझा निम्म्याहून जास्त धोका इथेच संपला होता, आणि यासाठी एक स्क्रू ड्रायव्हर पुरला.

पुढचं मी हौसेने केलं. एमई फर्मवेअरमधले बहुतेक भाग काढून टाकणारी me_cleaner ही निकोला कोर्ना यांची स्क्रिप्ट आहे. एक्स२३० मध्ये दोन फ्लॅश चिप असतात, ८ एमबीची आणि ४ एमबीची. एमई ८ एमबीच्या चिपमध्ये असतं. कुडाळच्या मित्राकडून रास्पबेरी पाय आणि चिमट्यासारखी आठ टोकांची क्लिप आणली. बाजारातला स्वस्त काळा प्रोग्रामर मुद्दाम टाळला, कारण त्याच्या डेटाच्या तारांवर ५ व्होल्ट येतात आणि ही चिप ३.३ ची आहे. बॅटरी, चार्जर काढून चिप दोनदा वाचली:

```
P=linux_spi:dev=/dev/spidev0.0,spispeed=1024
flashrom -p $P -r a.bin
flashrom -p $P -r b.bin
sha256sum a.bin b.bin
```

दोन्ही फाइलींच्या पडताळणीच्या बेरजा वेगळ्या. पुन्हा वाचलं, तिसरीच. भिंगातून बघितलं तर चिपच्या पायांवर करडा थर, खाऱ्या हवेचा. आमच्याकडे कुलपं सडतात तिथे हे काय टिकणार! आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुन्या टूथब्रशने पाय घासले, क्लिप नीट दाबली, आणि मग चार वेळा तीच बेरीज आली. बेरीज जुळल्याशिवाय लिहायला जाऊ नका. वाचताना चुकणारी क्लिप लिहितानाही चुकते.

```
python3 me_cleaner.py -S -O clean.bin a.bin
flashrom -p $P -w clean.bin
```

एमई पूर्ण पुसता येत नाही. चिपसेटला सुरुवातीचं काम करणारा सही केलेला तुकडा लागतोच. तो नसेल तर मशीन ३० मिनिटांनी आपोआप बंद पडतं. त्यामुळे पहिल्यांदा चालू केल्यावर मी घड्याळ समोर ठेवून बसलो. एकतिसाव्या मिनिटाला चहा ठेवला. जवळजवळ पाच एमबीच्या भागातला शंभर केबीच्या आतलाच कोड आता उरलाय. `lspci` मध्ये पूर्वी दिसणारी MEI Controller ची ओळ गेली, Ctrl+P ला काही उठत नाही.

नऊ महिन्यांत काय बिघडलं? या कारणाने काही नाही. झोपवणं-उठवणं, पंखा, वाय-फाय सगळं पूर्वीसारखं. जुलैत लाईट दिवसातून दहा वेळा जायची, तेव्हाही दर वेळी नीट उठला.

नव्या मशीनवर मात्र ही करामत तशी होत नाही. इंटेलच्या चौथ्या पिढीपासून सुरू होताना बायोसची सही तपासणारं बूट गार्ड आलं, आणि ते चालू असेल तर फ्लॅशमध्ये हात घालणं जास्त जोखमीचं. सहाव्या पिढीपासून HAP नावाचा एक बिट आहे. अमेरिकी सरकारच्या एका सुरक्षा कार्यक्रमासाठी ठेवलेला हा बिट पॉझिटिव्ह टेक्नॉलॉजीजच्या संशोधकांनी २०१७ मध्ये शोधला. तो लावला की सुरुवातीचं काम झाल्यावर एमई थांबतं, पण आत सगळं असतंच. आणि ज्यांचा टीपीएम, म्हणजे गुप्त किल्ल्या सांभाळणारा भाग, एमईतूनच चालतो, त्यांचा तो जातो. विंडोजची डिस्क कुलूपबंद करणारं बिटलॉकर असेल तर रिकव्हरी की आधी हातात ठेवा. एएमडीमध्येही पीएसपी नावाचा असाच वेगळा प्रोसेसर आहे, फक्त एएमटीसारखं उघडं दार घरगुती मशीनवर सहसा नसतं.

इंटेलने मुद्दाम चोरवाट ठेवली आहे, असं सिद्ध झालेलं नाही, आणि माझी भीती ती नव्हतीही. कोणाला चिप उघडायची नसेल तर एएमटी बंद करून बायोस अद्ययावत करा आणि इंटरनेट यूएसबीच्या लॅन अडॅप्टरवरून घ्या. एएमटी बोर्डावरच्या इंटेल कार्डातून बोलतं, यूएसबीच्या अडॅप्टरातून नाही. ऑगस्टपासून भावाच्या आठव्या पिढीच्या लॅपटॉपवर हीच व्यवस्था आहे.

मूळ a.bin दोन पेनड्राइव्हवर ठेवली आहे, तांदळाच्या डब्यात. दोन, कारण गेल्या पावसाळ्यात एक बुरशीने गेला.