डिजिटल किचन काटा आणि कॅलरीचं ॲप: पावसाळ्यापासून रोजच्या वापरात, तीन स्टार

पाच किलोपर्यंत जातो, एक ग्रॅमचा फरक दाखवतो, हे सगळं बॉक्सवर आहे. बॉक्सवर जे नाही ते सांगते. दोन मिनिटं हात लावला नाही की हा काटा आपोआप बंद होतो आणि भांड्याचं केलेलं शून्य विसरतो. सकाळी रिकामं भांडं ठेवून शून्य करायचं, त्यात तांदूळ मोजायचे, आणि शिट्ट्या होऊन कुकर पडेपर्यंत काट्याच्या लेखी ते भांडं कधी आलंच नव्हतं. कस्टमर केअरला फोन केला तर म्हणे, ‘मॅडम, सेल वाचावेत म्हणून आहे ते.’ अहो, सेल माझे, वाचवायचे की नाही ते मी ठरवेन!

शेवटी उपाय घरातच निघाला. प्रत्येक भांड्याचं रिकामं वजन मार्करनं त्याच्या झाकणावर लिहून टाकलं. सासूबाईंना ते अजिबात पसंत नाही, भांडी म्हणजे काय पाटी-पेन्सिल आहे का म्हणून. पण तेव्हापासून काटा बंद पडला काय नि चालू राहिला काय, मला फरक पडत नाही.

हे का लागतं ते भातावरून सांगते. आमच्याकडे चौघांना ३०० ग्रॅम तांदूळ लागतात. शिजल्यावर भांड्यासकट भरले १२६२ ग्रॅम, भांडं ४१२, म्हणजे भात ८५०. तांदळाच्या १०० ग्रॅमला साधारण ३५० कॅलरी धरा, म्हणजे सगळ्या भाताच्या १०५० झाल्या. पाण्याला कॅलरी नसते, त्यामुळे वजन वाढलं तरी हा आकडा तोच राहतो. माझ्या ताटातला १८० ग्रॅम भात म्हणजे सुमारे २२० कॅलरी. तेच १८० ग्रॅम ॲपमध्ये कच्च्या तांदळाच्या नोंदीवर टाकले तर ६३० होतात. ॲपमध्ये नुसतं ‘राइस’ शोधलं की दोन्ही नोंदी एकाखाली एक येतात. १०० ग्रॅमला १३०च्या आसपास दिसलं तर शिजलेला, ३५०च्या आसपास दिसलं तर कच्चा, एवढं बघून घ्यायचं. नवं पोतं फोडलं की मात्र पुन्हा एकदा मोजते, कारण जुना तांदूळ जास्त पाणी पितो.

भाताला ॲपची तयार शिजलेली नोंद चालून जाते. आमटीला चालत नाही, आणि खरा घोटाळा तिथंच आहे. तयार नोंदीत शिजलेली डाळ १०० ग्रॅमला ११५-१२० कॅलरी दिसते. ती पाणी काढून टाकलेल्या, शिजलेल्या दाण्यांची असते. सांगलीत अशी डाळ कोण खातं? आमच्याकडे १५० ग्रॅम तूरडाळीची १२०० ग्रॅम आमटी होते. डाळीच्या साधारण ५१० कॅलरी, फोडणीच्या २० ग्रॅम तेलाच्या १८०, मिळून ६९०. म्हणजे २०० ग्रॅमच्या वाटीला ११५ पडतात आणि ॲप सांगतं २३०च्या पुढे, तेही तेल न धरता. उद्या सासूबाईंनी पाणी कमी घालून घट्ट वरण केलं की हेच गणित दुसऱ्या बाजूला झुकणार. म्हणून पातेल्यात घालण्याआधी डाळ आणि तेल मोजायचं, आणि शिजल्यावर एकूण वजन घ्यायचं. दुसरा मार्ग नाही.

इथं ॲपबद्दलचं माझं मत बदललं. आधी त्याला दोनच स्टार देणार होते. पण त्यात स्वतःची रेसिपी टाकता येते. कच्चं सामान ग्रॅममध्ये भरायचं आणि ‘किती जणांसाठी’ तिथं माणसं न लिहिता शिजलेलं वजन लिहायचं, १२००. मग एक सर्व्हिंग म्हणजे एक ग्रॅम. वाटी काट्यावर ठेवली, २०० दाखवलं, २०० सर्व्हिंग टाकले, काम संपलं.

चिकनचं उलटं आहे. त्यातलं पाणी बाहेर पडतं, त्यामुळे वजन घटतं. ५०० ग्रॅम बोनलेस ब्रेस्ट तव्यावर भाजलं की ३७० वगैरे उरतं, कॅलरी मात्र सगळ्या ६००च, वर तेल लागेल ते वेगळं. शिजलेले १५० ग्रॅम कच्च्याच्या नोंदीवर टाकले तर साठेक कॅलरी गायब. रविवारच्या रश्श्यात हाडंही असतात. मी ताटात घेतलेले तुकडे आधी मोजते, जेवण झाल्यावर हाडं मोजून वजा करते. घरचे हसतात, हसू देत. रश्श्यावरच्या तर्रीचा हिशेब मात्र नीट लागत नाही, कारण तेल वर तरंगतं आणि ज्याच्या वाटीत पडेल त्याचं. तिथं मी अंदाजच धरते, आणि इस्लामपूरकडे ढाब्यावर अख्खा मसूर खाल्ला तर तेवढंही करत नाही.

एक स्टार ऑटो-ऑफसाठी कापला. दुसरा कस्टमर केअरच्या त्या उत्तरासाठी. सेल अजून पहिलेच चालू आहेत, हे नाइलाजानं कबूल करते.