‘सेल्फ’ नावाचा रकाना

माझे ६४,००० रुपये गेले. त्यातले २७,००० मी माझ्या हाताने, माझ्या फोनवरून भरले. हे लिहायलाही लाज वाटते, पण ऑनलाइन कोर्स विकणाऱ्या त्याच ऑफिसची नोकरीची तीच जाहिरात काल पुन्हा दिसली. म्हणून लिहितेय.

मी डोंबिवलीची. गणितात एमएस्सी, घरी चार वर्षं शिकवण्या घेतल्या. जाहिरातीत पद होतं ‘शैक्षणिक समुपदेशक’, पगार वर्षाला ६ लाख. मुलाखतीत विचारलं, काम काय? उत्तर आलं, मुलांना योग्य कोर्स सुचवायचा. ऑनलाइन शिकवणाऱ्या कंपन्यांमध्ये समुपदेशक म्हणजे फोनवरून कोर्स विकणारा माणूस, हे मला माहीत नव्हतं असं नाही. ऐकून होते. पण चार वर्षं शिकवलेल्या बाईला खरंच शिकवण्याशी संबंधित काम देत असतील, असं वाटलं. ६ लाखांपैकी ३ लाखच पक्के होते, म्हणजे महिन्याला २५,०००. उरलेले ३ लाख टार्गेट गाठलं तर. पहिला महिना ट्रेनिंगचा, त्याचे १२,००० ‘पात्र ठरल्यास’. हा शब्द मी वाचला आणि सही केली. पात्र ठरल्याचं पत्र कधी आलंच नाही, १२,०००ही आले नाहीत.

अंधेरीच्या ऑफिसात सकाळी ११ ते रात्री ९. दिवसाला १८० मिनिटं टॉक टाइम, आठवड्याला १,२०,००० रुपयांचं बुकिंग. कोर्स ६०,०००चा, म्हणजे आठवड्याला दोन ॲडमिशन. दोन म्हणजे फार नाहीत, असं आम्हा सगळ्यांना वाटलं होतं. पण फोन उचलणारे पालक पगारदार नसतात. कुणी रिक्षा चालवतो, कुणी भाजी विकतो. ६०,००० रोख कोण देणार? म्हणून १० टक्के, म्हणजे ६,००० डाउन पेमेंट, आणि ५४,००० फायनान्स कंपनीचं कर्ज, ३,०००चे १८ हप्ते. डाउन पेमेंट जमा झालं की बुकिंग मोजलं जातं. शनिवारी रात्री ९ वाजता आठवडा बंद होतो.

तिसऱ्या शनिवारी आठ वाजता माझं एकच ॲडमिशन होतं. दुसरे पालक म्हणत होते, सोमवारी पैसे देतो. टीम लीडर खुर्ची ओढून शेजारी बसला. म्हणाला, “मॅडम, लिंक तुमच्याकडेच आहे ना? तुम्ही भरा, ते सोमवारी तुम्हाला देतील. सगळेच करतात.” मी भरले. आणि सोमवारी त्या बाईंनी खरंच ६,००० परत पाठवले! ते परत आले नसते तर मी तिथेच थांबले असते.

त्यानंतर चार वेळा भरले. तीनदा ६,००० आणि एकदा दोन भावंडांच्या पॅकेजचे ९,०००. एकही रुपया परत आला नाही.

आता ती गोष्ट, जी आठवली की आजही झोप उडते. रोजची बुकिंग ज्या शीटमध्ये भरायची, तिच्यात पालकाचं नाव, रक्कम, कर्जाची स्थिती, आणि शेवटी एक रकाना होता, ‘सेल्फ’. पहिल्याच आठवड्यात मी टीम लीडरला विचारलं होतं, हे काय? तो म्हणाला, तुम्ही स्वतः शोधलेली लीड, म्हणजे कोर्स घेऊ शकेल अशा पालकाचा नंबर, असेल तर तिथे टिक करायची. मी मान डोलावली. पण पहिल्यांदा माझे पैसे भरले त्या रात्री माझ्या ओळीत त्याने स्वतः टिक केली, आणि ती लीड तर कंपनीनेच दिलेली होती. मी ते पाहिलं. वरच्या ओळींतही टिका होत्या, जवळजवळ सगळ्या शनिवारच्या. माझ्या समोर होतं सगळं! कर्मचाऱ्याच्या खिशातून किती आले याचा हिशेब कंपनी ठेवत होती. मी स्क्रीनचा फोटो काढला नाही. राजीनामा दिला त्या संध्याकाळी लॉगिन बंद झालं, शीटही गेली.

तुमच्या ऑफिसात असा रकाना असेल, नाव काहीही असो, तर आजच फोटो काढा.

मी मूर्ख नव्हते. घरभाडं ११,०००, वडिलांची औषधं, आणि दोन आठवडे टार्गेट चुकलं की पीआयपी, म्हणजे हकालपट्टीची नोटीसच. अशा वेळी ६,००० ही नोकरी टिकवण्याची किंमत वाटते. माझी मैत्रीण दुसऱ्या कंपनीत ट्यूटर होती. तिला डेमो क्लासचे पैसे मूल ॲडमिशन घेईल तरच मिळायचे. विकायचं सगळ्यांनाच असतं, फक्त पदाचं नाव वेगळं.

नोकरी सोडल्यावर फुल अँड फायनलचा हिशेब आला. शेवटच्या महिन्याचे २५,०००, त्यातून नोटीस पिरियडचे १२,५०० वजा, आणि रद्द झालेल्या चार ॲडमिशनचं इन्सेंटिव्ह, प्रत्येकी २,४०० प्रमाणे ९,६०० वजा. उरले २,९००. तेही आले नाहीत. म्हणजे पगाराचे २५,०००, ट्रेनिंगचे १२,००० आणि मी भरलेले २७,०००, मिळून ६४,००० गेले. माझ्या २७,००० बद्दल उत्तर एका ओळीचं होतं, ‘डाउन पेमेंट परत करता येत नाही.’

पोलीस चौकीत गेले. हवालदार म्हणाले, “तुम्हीच भरले ना? मग फसवलं कुणी?” मी म्हटलं, दबाव होता. म्हणाले, लेखी आहे का? ही दिवाणी बाब आहे, कामगार कार्यालयात जा. कामगार कार्यालयात पहिल्या फेरीला साहेब नव्हते. दुसऱ्या फेरीला विचारलं, तुमचं पद काय? समुपदेशक म्हटल्यावर म्हणाले, तुम्ही कामगाराच्या व्याख्येत बसता का ते आधी बघावं लागेल. शिवाय कंपनीचं नोंदणीकृत कार्यालय दुसऱ्या राज्यात. अहो, मी रोज बसायचे ते अंधेरीत! टार्गेट चुकलं की ओरडायचे ते अंधेरीत! तिसऱ्या फेरीला सांगितलं, अर्ज करा, पण वेळ लागेल. ग्राहक म्हणूनही माझं ऐकायला कुणी नाही, कारण ग्राहक पालक आहेत. प्रत्येकाचं म्हणणं एकच, आमच्याकडे नाही. मग कुणाकडे?

सेवेत असतानाच ऑफर लेटर आणि पगाराच्या स्लिपा स्वतःच्या ईमेलवर पाठवून ठेवा. पक्का पगार आणि टार्गेटवरचा पगार वेगळा लिहून मागा. टीम लीडर तोंडी सांगतो ते व्हॉट्सॲपवर विचारा, “सर, डाउन पेमेंट मीच भरायचं ना?” एवढंच. तो उत्तर देणार नाही, पण प्रश्न तरी नोंदलेला राहील.

आणि कळव्याचे एक दादा. रिक्षा चालवतात, मुलगा आठवीत. त्यांच्यासाठीही मीच ६,००० भरले. फोनवर मी त्यांना ‘हप्ता’ म्हटलं, ‘कर्ज’ म्हटलं नाही. तसंच शिकवलं होतं, आणि मी तसंच बोलले. ओटीपी त्यांनी मला विश्वासाने सांगितला. दहाव्या दिवशी त्यांनी कोर्स रद्द करायला सांगितलं, मुदत १५ दिवसांची होती. कंपनी म्हणाली, मुलाने दोनदा लॉगिन केलंय, वापर झाला, आता रद्द होणार नाही. पण माझ्या हिशेबात त्याच ॲडमिशनचे २,४०० ‘रद्द’ म्हणून कापलेत!

हे दोन कागद आता माझ्याकडे आहेत. त्यांच्या बँकेचं स्टेटमेंट, ज्यात ५ तारखेला ३,००० कापले गेलेत, आणि माझं फुल अँड फायनल, ज्यात तेच नाव रद्द आहे. दादांना मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ नंबर दिला, तिथे ते ग्राहक म्हणून तक्रार करू शकतात. कर्ज कुणाचं, किती, हे सांगणारं की फॅक्ट स्टेटमेंट फायनान्स कंपनीकडे लेखी मागायलाही सांगितलं. मंगळवारी मी पुन्हा कामगार कार्यालयात जातेय, या वेळी दादाही सोबत येणार आहेत.