५४ वर अडकलेले वाय-फाय: टीकेआयपी सोडल्यानंतरचे सात महिने

आमच्या घरी १०० एमबीपीएसची फायबर जोडणी आहे. राउटरला लॅन केबल लावून मोजला की वेग ९४ च्या आसपास येत असे. पण तोच लॅपटॉप राउटरपासून दोन हातांवर ठेवून वाय-फायवर मोजला, की आकडा २२ च्या पुढे जात नसे. मी आधी चॅनेल बदलले, मग दोन बँडचा नवा राउटर घेतला आणि जुन्या राउटरमधल्या सुरक्षेच्या निवडी त्यात जशाच्या तशा भरल्या. वेग तिथेच राहिला, आणि ५ गिगाहर्ट्झच्या बँडवरही तो वाढला नाही, याचे मला अधिक आश्चर्य वाटले.

उलगडा झाला तो विंडोजच्या एका आज्ञेने.

```
netsh wlan show interfaces
```

तिच्या उत्तरात `Cipher`, म्हणजे संदेश कूटबद्ध करण्याची पद्धत, यापुढे `TKIP` ही जुनी पद्धत आणि `Receive rate (Mbps)` पुढे नेमका ५४ हा आकडा होता. भिंतींमुळे किंवा अंतरामुळे वेग घटतो तेव्हा हा आकडा बसल्या जागेनुसार वरखाली होतो. इथे तो राउटरशेजारीही ५४ च राहत होता, आणि ५४ ही ८०२.११जी या २००३ सालच्या मानकाची कमाल मर्यादा आहे. हा जोडणीचा दर असतो. हवेतला वेळ, पोचपावत्या आणि थांबण्याची मध्यंतरे वजा जाता प्रत्यक्ष हातात २० ते २५ च पडतात. माझ्या २२ चा हिशेब असा जुळला.

कारण असे, की २००९ मध्ये मंजूर झालेल्या ८०२.११एन मानकाने आपले वेगवान दर वेप ही वाय-फायची सर्वांत जुनी सुरक्षापद्धत किंवा टीकेआयपी वापरणाऱ्या जोडणीला नाकारले आणि पुढच्या ८०२.११एसीनेही तोच नियम ठेवला. वेपमधील त्रुटी २००१ मध्येच उघड झाल्या होत्या, आणि टीकेआयपी ही वेपसाठी बनवलेल्या जुन्या यंत्रांवरच चालावी म्हणून २००३ मध्ये डब्ल्यूपीए या वेपनंतरच्या सुरक्षापद्धतीसोबत आणलेली तात्पुरती सोय होती. तिच्या मुळाशी वेपचीच आरसी४ पद्धत होती. त्यामुळे टीकेआयपी निवडलेला राउटर कितीही नवा असला तरी उपकरणाशी जुन्याच दराने बोलतो. नवा राउटर घेऊन माझा खर्च वाया गेला तो याच कारणाने.

आमच्याकडे ही निवड शिल्लक राहिली होती ती २००७ च्या एका छपाईयंत्रामुळे, कारण त्याला एईएस ही टीकेआयपीनंतरची, अधिक भक्कम कूटपद्धत समजतच नाही. म्हणून मी आधी मधला मार्ग घेतला आणि `WPA/WPA2` मध्ये `TKIP+AES` ही मिश्र निवड केली. लॅपटॉप लगेच एईएसवर आला, २.४ गिगाहर्ट्झवर जोडणीचा दर १४४ झाला आणि प्रत्यक्ष वेग ७५ च्या घरात गेला. वेगापुरते हे पुरेसे होते. मात्र मिश्र निवडीत सर्व उपकरणांना एकाच वेळी जाणारे संदेश सर्वांत दुबळ्या सदस्याला कळतील अशाच पद्धतीने, म्हणजे टीकेआयपीनेच, बांधावे लागतात. माझ्या आयफोनवर `Weak Security` ही सूचना कायम राहिली, आणि ती योग्यच होती.

महिन्याभराने मी छपाईयंत्र यूएसबी केबलने संगणकाला जोडले आणि राउटरवर `WPA2-PSK` व केवळ `AES` ठेवले. पासवर्ड तोच असल्यामुळे बहुतेक उपकरणे आपोआप परत आली. विंडोजच्या एका जुन्या लॅपटॉपने मात्र साठवलेल्या जोडणीत टीकेआयपीच धरून ठेवले होते, त्यामुळे तिथे ते नाव `Forget` करून नव्याने जोडावे लागले. ५ गिगाहर्ट्झवर लॅपटॉपचा दर आता ८६६ दिसतो आणि वेग ९४ वर, म्हणजे केबलइतकाच, येतो.

तिसऱ्या महिन्यात मी डब्ल्यूपीए३ करून पाहिले. वेगात काहीही फरक पडला नाही, आणि तो पडावा अशी अपेक्षाही नसावी. त्याचा लाभ वेगळा आहे. पकडून ठेवलेल्या संदेशांवर घरबसल्या पासवर्डचे अंदाज चालवून पाहण्याची वाट तो बंद करतो. केवळ `WPA3` ठेवल्यावर आईचा जुना फोन जोडला जाईना, म्हणून `WPA2/WPA3` ही मिश्र निवड ठेवली आहे. या मिश्रणात जुना फोनही एईएसच वापरतो, त्यामुळे दर खाली येत नाही. पण डब्ल्यूपीए२ ने येणाऱ्या त्या फोनला अंदाजांपासूनचे हे संरक्षण मिळत नाही, म्हणून पासवर्ड लांबलचक केला.

दोन भिंतींपलीकडच्या खोलीत वेग आजही ३० च्या आसपासच आहे. तिथे `Cipher` पुढे `CCMP`, म्हणजे एईएसच, दिसते आणि दर जागेनुसार हलतो. तो प्रश्न भिंतींचा आहे आणि त्यासाठी दुसरे उपकरण त्या खोलीपर्यंत केबलने न्यावे लागेल.