संघविकासाचे पाच टप्पे आणि नेतृत्वशैली: कुठल्या टप्प्याला कुठली शैली लिहायची?

या प्रकरणावर प्रश्न दोन तऱ्हांनी येतो. एक सरळ: ‘टप्पे सांगून प्रत्येकाला अनुरूप नेतृत्वशैली स्पष्ट करा.’ दुसरा प्रसंग देऊन: ‘संघ कोणत्या टप्प्यावर आहे आणि प्रमुखाने काय करावे?’ पहिला पाठांतरावर निघून जातो. दुसऱ्यात टप्पा ओळखता आला नाही, तर पुढचे सगळे उत्तरच चुकते. म्हणून खालची उत्तरे एकाच प्रसंगावर बेतली आहेत.

प्रसंग. एका गोदामात साठ्याच्या नोंदी वहीत होतात. त्या संगणकावर आणण्यासाठी सहा जणांचा संघ नेमला आहे: गोदामातले दोघे, लेखा विभागातले दोघे, खरेदी विभागातला एक आणि संगणक विभागातला एक. मुदत बारा आठवडे. संघाबाहेरच्या एक बाई प्रकल्पप्रमुख आहेत.

प्र. १. दोन्ही प्रतिमानांचा आधार थोडक्यात सांगा.

ब्रूस टकमन यांनी 1965 मध्ये लहान गटांवरच्या पन्नास लेखांचा आढावा घेऊन चार टप्पे मांडले: फॉर्मिंग, स्टॉर्मिंग, नॉर्मिंग, परफॉर्मिंग. 1977 मध्ये टकमन आणि मेरी अ‍ॅन जेन्सन यांनी पाचवा टप्पा जोडला, अ‍ॅडजर्निंग. शैलींचा भाग पॉल हर्सी आणि केन ब्लँचर्ड यांच्या परिस्थितीजन्य नेतृत्वातून येतो. त्याची पहिली मांडणी 1969 ची. त्यात प्रमुखाचे वागणे दोन मापांनी मोजतात: कामाबाबत मार्गदर्शन किती आणि माणसांना आधार किती. या दोन मापांच्या कमी-जास्त जोड्यांतून चार शैली निघतात.

दोन्ही मांडण्या स्वतंत्रपणे तयार झाल्या, त्यांची सांगड नंतर घातली गेली, हे वाक्य उत्तरात जरूर टाका. टप्पे पाच आणि शैली चार का, याचे उत्तरही त्यातच आहे.

| टप्पा | ओळखीची खूण | मार्गदर्शन | आधार | शैली |
|---|---|---|---|---|
| फॉर्मिंग | ‘नेमके काय करायचे?’ | जास्त | कमी | आदेशात्मक |
| स्टॉर्मिंग | ‘असेच का करायचे?’ | जास्त | जास्त | समजावणारी |
| नॉर्मिंग | ‘आम्ही असे ठरवलंय, चालेल ना?’ | कमी | जास्त | सहभागी |
| परफॉर्मिंग | ‘केलंय, कळवतोय.’ | कमी | कमी | सोपवणारी |
| अ‍ॅडजर्निंग | ‘आता पुढे काय?’ | पुन्हा वाढते | जास्त | तयार जोडी नाही |

खुणांचा रकाना माझा आहे, पाठ्यपुस्तकातला नव्हे. पण प्रसंगात संघातली माणसे प्रमुखाकडे काय घेऊन येतात हे पाहिले की टप्पा बहुतेक वेळा सापडतो.

प्र. २. फॉर्मिंग टप्प्यात आदेशात्मक शैली का?

पहिल्या आठवड्यात सहाही जण एकमेकांशी अदबीने बोलतात आणि प्रत्येक प्रश्न प्रमुखांकडे जातो. उद्दिष्ट धूसर, भूमिका ठरलेल्या नाहीत, कोणाला काय येते हेही माहीत नाही. अशा वेळी ‘तुम्हीच ठरवा’ म्हटले तर कोणीच काही ठरवत नाही, कारण ठरवायला लागणारी माहितीच हाताशी नसते. बाईंनी कामाची व्याप्ती, प्रत्येकाची जबाबदारी आणि पहिल्या दोन आठवड्यांत काय हातात यायला हवे हे स्वतः सांगावे. आदेशात्मक म्हणजे दरडावणे नव्हे. काय, कोणी, कधीपर्यंत हे नि:संदिग्धपणे सांगणे, एवढाच त्याचा अर्थ.

या टप्प्याचे उत्तर बहुतेकांना येते. इथे फार ओळी घालवू नयेत.

प्र. ३. स्टॉर्मिंगमध्ये प्रमुखापुढे कोणते पर्याय असतात? तुलना करून योग्य तो निवडा.

सर्वाधिक गुण इथेच जातात. वाद दिसला की अर्धे विद्यार्थी लोकशाही शैली लिहितात, उरलेले हुकूमशाही. नेमके उत्तर दोन्हींत नाही.

प्रसंग पुढे नेऊ. तिसऱ्या आठवड्यात संघात खडाजंगी होते. प्रश्न साधा दिसतो: माल आल्याची नोंद कधी करायची? गोदामवाले म्हणतात, गाडीतून माल उतरवतानाच. लेखावाले म्हणतात, तपासणी झाल्यावरच. उतरवतानाच नोंद केली तर फुटका-तुटका मालही साठ्यात धरला जातो आणि त्याचे बिल देय दिसू लागते. तपासणीनंतर केली तर माल आवारात पडून असतो आणि संगणक शून्य दाखवतो. ते शून्य पाहून खरेदीवाला तोच माल पुन्हा मागवतो. दोन्ही बाजूंचे म्हणणे खरे आहे. पण आठवडा संपेपर्यंत सूर बदलतो: ‘लेखावाल्यांना गोदामातलं काय कळतं?’ आणि ‘हे संगणकाचं खूळ काढलं कोणी?’

पहिला पर्याय असा की बाई स्वतः निकाल देतात, नोंद तपासणीनंतरच. वाद त्या दिवशी थांबतो. पण गोदामातल्या दोघांना तो निर्णय लादलेला वाटतो. ते वही चालूच ठेवतात आणि संगणकावरची नोंद दिवसाअखेर उरकून टाकतात. संघर्ष मिटत नाही, फक्त बैठकीतून बाहेर जातो.

दुसरा पर्याय, ‘तुम्ही मोठी माणसं आहात, आपसांत मिटवा’ म्हणणे. हे ऐकायला उदार वाटते. मात्र वाद मिटवायची पद्धतच या संघाने अजून ठरवलेली नाही. मग ज्याचा आवाज मोठा किंवा हुद्दा वरचा, त्याचे चालते.

तिसरा पर्याय समजावणाऱ्या शैलीचा. बाई बैठक बोलावतात आणि तिची चौकट स्वतः आखतात: आज हा एकच मुद्दा, प्रत्येक विभागाने चुकीच्या नोंदीमुळे आपल्याकडे काय बिघडते ते उदाहरणासह सांगायचे, उठण्याआधी निर्णय व्हायला हवा. हा झाला मार्गदर्शनाचा भाग. मग त्या दोन्ही बाजूंचे ऐकून घेतात, टोमणा आला की बोलणाऱ्याला मुद्द्यावर आणतात आणि हा बदल का करायचा आहे ते पुन्हा समजावतात. हा आधाराचा भाग. चर्चेतून नोंदीचे दोन भाग निघतात: गाडी आली की ‘आवक, तपासणी बाकी’ अशी नोंद, आणि तपासणीत उत्तीर्ण झालेला मालच वापरण्याजोगा साठा. खरेदीवाल्याला माल आल्याचे दिसते, लेखावाल्यांना बिल थोपवता येते. बाई निर्णय जाहीर करतात आणि त्यामागचे कारणही सांगतात. शेवटचा शब्द त्यांचाच असतो. पुढच्या शैलीशी फरक इथे आहे.

म्हणजे या टप्प्यात मार्गदर्शन आणि आधार दोन्ही जास्त लागतात. प्रमुखाला सर्वाधिक वेळ खर्ची घालावा लागतो तो इथेच.

एक बारीक अडचण लक्षात ठेवा. परिस्थितीजन्य नेतृत्वात माणसाच्या तयारीच्या चार पातळ्या धरतात आणि प्रत्येक पातळीला एक शैली लावतात. हर्सींच्या मांडणीत दुसऱ्या पातळीवरचा माणूस ‘क्षमता कमी, पण इच्छुक’ असतो. ब्लँचर्ड यांच्या नंतरच्या मांडणीत याच पातळीवर तो ‘थोडे येऊ लागलेला, पण हिरमुसलेला’ असतो. स्टॉर्मिंगचे वर्णन दुसऱ्याशी जुळते, आणि फॉर्मिंगमधला नवखा उत्साहही ब्लँचर्ड यांच्याच पहिल्या पातळीशी जुळतो. तेव्हा टप्प्यांशी सांगड घालायची असेल तर ब्लँचर्ड यांचे वर्णन घ्या आणि शेवटपर्यंत तेच ठेवा. निम्मे याचे, निम्मे त्याचे असे लिहिले की एकाच उत्तरात माणूस इच्छुकही होतो आणि हिरमुसलेलाही.

प्र. ४. नॉर्मिंग आणि परफॉर्मिंग यांतील फरक शैलीच्या अंगाने स्पष्ट करा.

दोन्हींत भांडणे नसतात, त्यामुळे गल्लत होते. सहाव्या-सातव्या आठवड्यात गोदाम आणि लेखा मिळून नोंदीचा नमुना ठरवतात, पण वापरण्याआधी बाईंना विचारतात. हे नॉर्मिंग. बाईंनी ‘तुम्हाला काय वाटतं?’ असे विचारून निर्णय त्यांच्याकडेच राहू द्यावा. त्यांना काम येते, कमी आहे तो भरवसा. इथे सहभागी शैली. धोका एकच: नुकतेच जुळलेले सूर बिघडू नयेत म्हणून लोक खटकणारी गोष्ट बोलत नाहीत. चाचणीत आकडे जुळत नसल्याचे संगणक विभागातल्याला दिसले आहे, पण तो गप्प आहे. म्हणून ‘यात काय चुकू शकतं?’ हा प्रश्न प्रमुखानेच टाकायचा असतो.

नवव्या आठवड्यात संगणक आणि प्रत्यक्ष साठा यांत तफावत निघते. गोदाम आणि लेखा यांतला एकेक जण बसून तफावत शोधतात, दुरुस्त करतात आणि संध्याकाळी बाईंना नुसते कळवतात. हे परफॉर्मिंग, इथे सोपवणारी शैली. सोपवणे म्हणजे लक्ष काढून घेणे नाही: मुदत आणि अडचण कधी वर आणायची याची मर्यादा ठरलेली असते. हीच शैली तिसऱ्या आठवड्यात वापरली असती तर ती जबाबदारी टाळणे ठरली असती.

दहाव्या आठवड्यात खरेदीवाला बदलला आणि नवा माणूस आला, असा फाटा प्रश्नात असेल तर? पाचही जुन्यांना आदेशात्मक शैली लावायची गरज नाही. नव्याला कामाची दिशा स्पष्ट सांगायची, नोंदीच्या दोन भागांमागचे कारण समजावायचे आणि इतरांचे काम सोपवलेलेच ठेवायचे. मात्र त्याच्या येण्याने ठरलेले संकेत पुन्हा वादात आले, तर संघ मागच्या टप्प्यावर गेला असे लिहायला हरकत नाही.

प्र. ५. अ‍ॅडजर्निंगला कोणती शैली?

इथे चारांपैकी एक ठोकून देऊ नका. काम संपत आलेले असते, माणसांचे लक्ष पुढच्या नेमणुकीकडे लागते, कोणाला हुरहुर वाटते, कोणी मनाने आधीच निघून गेलेला असतो. इतके दिवस सोपवलेली सूत्रे बाईंना थोडी परत हातात घ्यावी लागतात: नोंदपद्धतीचे टिपण कोण लिहिणार, वही कोणत्या तारखेला बंद, नंतरच्या तक्रारी कोणाकडे. त्याच वेळी कोणाच्या कामाने काय साधले हे नाव घेऊन सांगावे लागते. माझ्या मते ‘आधार जास्त, मार्गदर्शन हस्तांतरापुरते’ असे लिहून कारण देणे हे सर्वांत सुरक्षित उत्तर.

प्र. ६. या सांगडीच्या मर्यादा सांगा.

टकमन यांनी पाहिलेल्या लेखांत उपचारगट आणि प्रशिक्षणगट यांचा भरणा होता. कार्यालयीन संघ त्यात थोडेच, हे त्यांनी स्वतःही नोंदवले होते. शिवाय परिस्थितीजन्य नेतृत्व मुळात एखाद्या कामाबाबत एखाद्या माणसाची तयारी पाहते, तर टप्पे अख्ख्या संघाचे असतात. आपल्या संघात संगणक विभागातला माणूस पहिल्याच आठवड्यात त्याच्या कामात चौथ्या पातळीवर असू शकतो.

तिसरा मुद्दा कॉनी गेर्सिक यांचा. 1988 च्या अभ्यासात त्यांनी आठ संघ पाहिले. त्यांना टप्प्यांची ठरावीक रांग दिसली नाही. सुरुवातीला पडलेली पद्धत बराच काळ चालते आणि मुदतीच्या साधारण मध्यावर संघ ती मोडून नवी धरतो, असे आढळले. ही मांडणी ग्राह्य धरली तर बाईंनी भांडणाची वाट न पाहता सहाव्या आठवड्यातच कामाच्या पद्धतीचा फेरविचार करणारी बैठक ठेवायला हवी, कारण बदल स्वीकारायला संघ तेव्हाच सर्वांत तयार असतो.